न गुंतवलेले पाच लाख: बोनस, मग स्प्लिट आणि बिघडलेली सरासरी

वाचकाचे पत्र

"मी नागपुरात एका शाळेत शिकवते. एका कंपनीचे ६० शेअर मी जून २०१९ मध्ये ८०० रुपयांनी आणि ४५ शेअर सप्टेंबर २०२१ मध्ये ९६० रुपयांनी घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन शेअरमागे एक असा बोनस मिळाला. मे महिन्यात आणखी १३ शेअर ६५० रुपयांनी घेतले. सप्टेंबरमध्ये स्प्लिट झाला आणि दहा रुपयांचा शेअर दोन रुपयांचा झाला. आज, डिसेंबरात, भाव १५० आहे. माझ्या वहीप्रमाणे ७८७.५ शेअर आणि सरासरी ११५.८१ रुपये येते. ॲप मात्र ८५० शेअर, सरासरी ५८६.१८ रुपये आणि पावणेचार लाखांच्या आसपास तोटा दाखवते. माझे धाकटे दीर म्हणतात, सगळे शेअर मार्चआधी विकून हा तोटा दाखवा, म्हणजे यंदा म्युच्युअल फंडातून झालेल्या १ लाख ९० हजारांच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर वाचेल. खरा आकडा कोणता धरू? आमचे सीए मार्चखेरीस घाईत असतात, म्हणून आधी तुम्हाला विचारते."

उत्तर

ताई, ॲपवर सरासरीच्या शेजारी 'गुंतवलेली रक्कम' असा एक आकडा असतो, आधी तो पाहा. ८५० शेअर आणि ५८६.१८ रुपये यांचा गुणाकार जवळजवळ ४,९८,२५३ रुपये होतो. तुम्ही या कंपनीत प्रत्यक्षात घातलेले पैसे असे: पहिल्या खरेदीचे ४८,०००, दुसरीचे ४३,२०० आणि मे महिन्यातल्या १३ शेअरचे ८,४५०, एकूण ९९,६५० रुपये. बोनस मिळताना आणि स्प्लिट होताना तुमच्या खिशातून एक रुपयाही गेलेला नाही. मग लाखाची गुंतवणूक पाच लाखांची कशी झाली, या एका प्रश्नातच पडद्यावरच्या तोट्याचा उलगडा आहे. ॲपने शेअरची संख्या स्प्लिटनंतरची घेतली आहे आणि सरासरी भाव स्प्लिटच्या आधीचा ठेवला आहे. ५८६.१८ हा आकडा स्वतःत चुकीचा नाही, सप्टेंबरपर्यंत तोच बरोबर होता. त्याला पाचाने भागायचे तेवढे राहून गेले.

असा घोळ स्प्लिटमध्ये बोनसपेक्षा जास्त दिसतो आणि त्याला कारण आहे. बोनसमध्ये खात्यातले जुने शेअर जागेवर राहतात आणि नवे त्यांच्यात येऊन मिळतात. स्प्लिटमध्ये दर्शनी मूल्य बदलते, त्यामुळे शेअरचा आयएसआयएन क्रमांकही बदलतो; डीमॅट खात्यातून जुन्या क्रमांकाचे सगळे शेअर वजा होतात आणि नव्या क्रमांकाचे जमा होतात. ब्रोकरच्या नोंदीत खरेदीचा भाव जुन्या क्रमांकाला चिकटलेला असतो, तो नव्या क्रमांकाकडे योग्य भागाकार करून न्यावा लागतो. या कामाला एकदोन दिवस लागले तर समजण्यासारखे आहे, पण तुमच्या बाबतीत तीन महिने होत आले आहेत, तेव्हा तो आकडा आपोआप सुधारेल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. ब्रोकरकडे लेखी तक्रार नोंदवा आणि सोबत तिन्ही खरेद्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट जोडा.

आता तुमच्या वहीकडे येऊ. तुम्ही १०५ शेअरना दीडने आणि मग पाचाने गुणले आणि ८६८.५७ या सरासरीला साडेसातने भागले. पद्धत मुळात बरोबर आहे, पण दोन घटनांच्या मधला काळ तिच्यात धरलेला नाही. मे महिन्यातले १३ शेअर बोनसच्या रेकॉर्ड डेटनंतरचे आहेत. त्यांना बोनस नाही, मात्र स्प्लिट आहे. त्यामुळे सगळ्यांना एकच साडेसातचा गुणक लावता येत नाही. शिवाय अर्धा शेअर डीमॅट खात्यात राहूच शकत नाही. १०५ शेअरवर दोनास एक म्हणजे साडेबावन्न बोनस शेअर होतात. तुमच्या खात्यात ५२ आले असणार. उरलेल्या अर्ध्याचे बहुतेक कंपन्या असे करतात, की सर्व भागधारकांचे असे तुकडे एकत्र करून ते एका विश्वस्तामार्फत बाजारात विकतात आणि आलेली रक्कम ज्याच्या त्याच्या बँक खात्यात पाठवतात. फेब्रुवारी-मार्चच्या पासबुकात कंपनीच्या नावाने तीनेकशे रुपयांची एखादी जमा शोधा. लाभांश समजून ती नजरेतून सुटली असण्याची शक्यता मोठी आहे. त्या अर्ध्या शेअरची खरेदी किंमत शून्य असल्याने ही रक्कम वहीत वेगळी लिहून ठेवा आणि विवरणपत्र भरताना सीएंना दाखवा.

हिशेबाची मी वापरतो ती रीत अशी, की भावाला हातच लावायचा नाही. वहीत दोनच रकाने चालवायचे, एकूण शेअर आणि एकूण घातलेले पैसे. खरेदी झाली की दोन्ही वाढतात. बोनस किंवा स्प्लिट झाला की फक्त पहिला बदलतो. भागाकार सगळ्यात शेवटी आणि गरज असेल तेव्हाच. तुमच्या बाबतीत बोनसच्या आधी १०५ शेअर आणि ९१,२०० रुपये होते. बोनसनंतर १५७ शेअर झाले आणि पैसे तेवढेच राहिले, म्हणजे सरासरी ५८०.८९ वर आली. मे महिन्यात १३ शेअर आणि ८,४५० रुपये मिळवले की १७० शेअर आणि ९९,६५० रुपये होतात. इथे सरासरी ५८६.१८ येते, जी ॲपवर अडकून बसली आहे. स्प्लिटनंतर १७० चे ८५० शेअर झाले, पैसे तेच, म्हणून सरासरी ११७.२४ रुपये. ॲपची संख्या बरोबर आहे, तुमच्या वहीतला भाव खऱ्याच्या जवळ आहे, आणि १५० च्या भावाला तुमच्याकडे १,२७,५०० रुपयांचे शेअर आहेत, म्हणजे एकंदरीत २७,८५० रुपयांचा नफा आहे.

गुणोत्तर वाचताना बोनस आणि स्प्लिट यांची भाषा वेगळी असते, हे इतर वाचकांसाठीही सांगून ठेवतो. बोनसचे गुणोत्तर किती नवे मिळणार ते सांगते, तर स्प्लिटचे गुणोत्तर एकाचे किती होणार ते सांगते. एकास पाच बोनस मिळाले तर एकाचे सहा होतात. एकाचे पाच असा स्प्लिट झाला तर पाचच. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत या दोन्हींची बरीच सरमिसळ होते, म्हणून स्प्लिटसाठी मी गुणोत्तर वाचतच नाही, जुने दर्शनी मूल्य भागिले नवे दर्शनी मूल्य करतो. घटनांचा क्रमही कंपनीच्या कागदावरूनच घ्यावा. तुकडे उरणार नसतील आणि मध्ये खरेदी-विक्री नसेल तर क्रमाने फरक पडत नाही. पण तुमच्या मूळ १०५ शेअरचा आधी स्प्लिट झाला असता तर ५२५ होऊन त्यांवर २६२ बोनस मिळाले असते आणि एकूण ७८७ झाले असते. आधी बोनस झाल्यामुळे ते ७८५ आहेत.

इथपर्यंत मी तुमच्या प्रश्नाचे उत्तर जसे विचारले तसे दिले. पण 'खरा भाव कोणता' या प्रश्नामागे एक गृहीतक आहे, की तुमच्या सगळ्या शेअरना मिळून एकच खरेदी भाव असतो. आपली गुंतवणूक वर आहे की खाली, हे पाहण्यासाठी ११७.२४ हा आकडा उत्तम आहे. प्राप्तिकराच्या हिशेबात मात्र सरासरीला जागाच नाही. डीमॅट खात्यातले शेअर विकताना जे आधी आले ते आधी गेले असे मानतात, आणि प्रत्येक शेअरची किंमत आणि तारीख तो ज्या खेपेत आला त्या खेपेची धरतात. बोनस शेअरची खरेदी किंमत कायद्याने शून्य आहे. मूळ शेअरची किंमत कमी करून ती बोनस शेअरवर वाटता येत नाही. स्प्लिटमध्ये याच्या उलट, मूळ किंमत नव्या तुकड्यांवर वाटली जाते. बोनस शेअरचा कालावधी त्यांच्या वाटपाच्या तारखेपासून मोजतात, तर स्प्लिटने नवा कालावधी सुरू होत नाही, जुनी तारीखच पुढे चालते.

तुमच्या खात्यात म्हणून आज एक ढीग नसून चार खेपा आहेत, आणि त्या या क्रमाने विकल्या जातील:

| खेप | आजचे शेअर | प्रत्येकी किंमत (रु.) | एकूण किंमत (रु.) |
|---|---|---|---|
| जून २०१९ | ३०० | १६० | ४८,००० |
| सप्टेंबर २०२१ | २२५ | १९२ | ४३,२०० |
| बोनस, फेब्रुवारी २०२५ | २६० | ० | ० |
| मे २०२५ | ६५ | १३० | ८,४५० |

बेरीज पुन्हा ८५० शेअर आणि ९९,६५० रुपयेच येते, आणि ती तशी येणे हीच या तक्त्याची तपासणी आहे. पण आता पहिले ३०० शेअर १५० रुपयांना विकून पाहा. सरासरीने तुम्हाला ९,८२८ रुपये नफा दिसेल. करासाठी मात्र १६० चा शेअर १५० ला गेला, म्हणजे ३,००० रुपयांचा दीर्घकालीन तोटा झाला. पुढचे २२५ विकले तर आणखी ९,४५० रुपयांचा तोटा. त्यानंतरचे २६० बोनस शेअर विकले की सगळेच्या सगळे ३९,००० रुपये नफा, आणि शेवटच्या ६५ शेअरवर १,३०० रुपये नफा. तोटे वजा करून नफा जोडला की २७,८५० होतात, सरासरीने आले होते तेवढेच. एकूण नफा कुठल्याही पद्धतीने बदलत नाही, तो कोणत्या विक्रीत आणि कोणत्या वर्षात दिसतो एवढेच बदलते, आणि कर तर त्याच्यावरच ठरतो.

हे टोकाचे वाटत असेल तर जून २०२५ मधले बजाज फायनान्सचे उदाहरण घ्या. तिथे दोन रुपयांच्या शेअरचे एक-एक रुपयाचे दोन शेअर झाले आणि त्या प्रत्येकावर चार बोनस मिळाले, म्हणजे एकाचे दहा झाले. समजा कुणी तो शेअर त्याआधी ९,००० रुपयांना घेतला होता. त्याला ॲपवर ९०० रुपये सरासरी दिसेल आणि ते योग्यच आहे. करासाठी मात्र त्या दहातल्या दोन शेअरची किंमत प्रत्येकी ४,५०० रुपये आणि उरलेल्या आठांची शून्य. पहिले दोन शेअर ९५० रुपयांना विकले तर पडद्यावर शंभर रुपये नफा आणि कराच्या कागदावर ७,१०० रुपये तोटा!

आता तुमच्या दिरांचा सल्ला. तोटा दाखवून नफ्यावरचा कर कमी करणे ही रीतसर गोष्ट आहे आणि तिचा विचार त्यांनी केला ते योग्यच. फक्त ज्या पावणेचार लाखांच्या भरवशावर ते बोलत आहेत ते पैसे कधी गेलेलेच नाहीत. विवरणपत्रात तो तोटा लिहिला तर खरेदी किंमत म्हणून ४,९८,२५३ रुपये लिहावे लागतील आणि त्यासाठी तुमच्याकडे एकही कॉन्ट्रॅक्ट नोट असणार नाही. खरा, दाखवता येण्यासारखा तोटा पहिल्या दोन खेपांतला आहे, तो १२,४५० रुपये.

सगळे ८५० शेअर याच डिसेंबरात विकले तर काय होते ते पाहू. पहिल्या दोन खेपांचा १२,४५० रुपयांचा दीर्घकालीन तोटा म्युच्युअल फंडाच्या १,९०,००० रुपयांतून वजा होईल आणि १,७७,५५० राहतील. वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा असा नफा करमुक्त असल्याने ५२,५५० रुपयांवर साडेबारा टक्क्यांनी कर लागेल. तोटा नसता तर तो ६५,००० रुपयांवर लागला असता, म्हणजे वाचले सुमारे १,५५६ रुपये. पण बोनस शेअरना आणि मे महिन्यातल्या शेअरना अजून बारा महिने झालेले नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरचा ४०,३०० रुपयांचा नफा अल्पकालीन ठरेल आणि त्यावर वीस टक्क्यांनी ८,०६० रुपये कर येईल. सव्वा लाखाची सूट त्याला लागत नाही, आणि दीर्घकालीन तोटा अल्पकालीन नफ्यातून वजाही करता येत नाही. उपकर धरलेला नाही, पण चित्र स्पष्ट आहे: दीड हजार वाचवायला जाऊन आठ हजार भरावे लागतील.

तुम्हाला कर वाचवायचाच असेल तर पहिले ५२५ शेअर विकून थांबता येईल. तेवढ्याने १२,४५० रुपयांचा तोटा पदरात पडतो आणि बोनसच्या खेपेला धक्का लागत नाही. पाचशे सव्विसावा शेअर विकला की शून्य किमतीची खेप सुरू झाली, हे ध्यानात ठेवा. अर्थात साडेबारा हजारांच्या तोट्यासाठी, कंपनी चांगली वाटत असताना तिच्यातून पावणेएकोणऐंशी हजारांचे शेअर कमी करायचे का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझे मत विचाराल तर पंधराशे रुपयांसाठी मी ते करणार नाही. कंपनीविषयीच मन साशंक झाले असेल तर गोष्ट निराळी. मग हे ५२५ शेअर आता आणि बोनसचे शेअर त्यांचे बारा महिने उलटल्यावर विकणे हा सरळ मार्ग आहे.

बोनसचे बारा महिने मोजताना वाटपाची तारीख घ्या. ती रेकॉर्ड डेट नव्हे, आणि खात्यात शेअर दिसू लागले तो दिवसही नव्हे. ऑक्टोबर २०२४ पासून जाहीर झालेल्या बोनसच्या बाबतीत सेबीच्या नियमानुसार रेकॉर्ड डेटच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी वाटप झाल्याचे धरतात आणि त्याच्या पुढच्या दिवसापासून ते शेअर बाजारात विकता येतात, म्हणून तुमच्या बाबतीत या तारखांत जेमतेम एकदोन दिवसांचाच फरक असेल. पण बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ झाला की नाही हे एका दिवसावरही ठरू शकते, तेव्हा फेब्रुवारीत काठावर विकण्यापेक्षा आठवडाभर थांबावे. सप्टेंबरच्या स्प्लिटमुळे हे २६० शेअर नव्या आयएसआयएनखाली दिसतील आणि काही अहवालांत त्यांच्यापुढे सप्टेंबर २०२५ ही तारीखही दिसू शकेल. तिच्याकडे दुर्लक्ष करा, त्यांचा कालावधी फेब्रुवारी २०२५ पासूनच आहे.

५२५ शेअर विकल्यावर एक गोष्ट तुम्हाला पुन्हा दचकवेल, म्हणून ती आधीच सांगतो. उरलेल्या ३२५ शेअरमध्ये तुमचे पैसे फक्त मे महिन्यातले ८,४५० रुपये असतील. जे ॲप आधी आलेले आधी गेले या रीतीने चालते ते त्या दिवशी सरासरी २६ रुपये दाखवेल. ती चूक नसेल. दुसरे एखादे ॲप ११७.२४ दाखवत राहील, आणि तेही त्याच्या रीतीने चूक नसेल. दोन पडद्यांवर दोन सरासरी दिसल्या तर आधी कुठले ॲप कुठली रीत वापरते ते विचारा, तक्रार त्यानंतर करा.

शेअरच्या जुन्या भावाचा आलेख पाहून वही दुरुस्त करण्याचा मोह अनेकांना होतो, तोही टाळावा. आलेख पुढच्या बोनस-स्प्लिटसाठी मागचे भाव कमी करून दाखवतात. जून २०१९ चा तुमचा ८०० चा भाव आज आलेखावर १०६.६७ च्या आसपास दिसेल, कारण त्याला साडेसातने भागलेले असते. तुमची त्या खेपेची कराची किंमत १६० आहे, कारण तिला फक्त पाचाने भागायचे आहे. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे बोनसच्या शून्य किमतीचा परिणाम.

ज्यांचे शेअर ३१ जानेवारी २०१८ च्या आधीचे आहेत त्यांना हाच नियम आणखी एका ठिकाणी लागतो. त्यांना त्या दिवसाचा बाजारातला सर्वोच्च भाव खरेदी किमतीच्या जागी काही मर्यादेत धरता येतो. त्यानंतर स्प्लिट झाला असेल तर तो भाव स्प्लिटच्या गुणकाने भागावा, त्यानंतरच्या बोनससाठी मात्र तो भागू नये. आणि त्या तारखेनंतर मिळालेल्या बोनस शेअरना तो भाव मुळीच लागू नाही, त्यांची किंमत शून्यच.

आणखी एक बाब तुम्हाला लागू नाही, पण पत्र वाचून कुणाला युक्ती सुचण्याआधी सांगायला हवी. बोनसची रेकॉर्ड डेट जवळ आली म्हणून शेअर घ्यायचे, बोनस मिळाल्यावर मूळ शेअर पडलेल्या भावाने तोट्यात विकायचे आणि बोनस शेअर हाती ठेवायचे, असे केल्यास रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलेल्या आणि नंतरच्या नऊ महिन्यांत विकलेल्या शेअरवरचा तोटा मान्य होत नाही. तो हाती राहिलेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत मानला जातो. शेअरसाठी हा नियम २०२२-२३ या आर्थिक वर्षाच्या व्यवहारांपासून लागू आहे. तुमच्या पहिल्या दोन खेपा बोनसच्या कितीतरी आधीच्या आहेत आणि तिसरी खरेदी नंतरची आहे, म्हणून तुमच्या १२,४५० रुपयांना त्याची बाधा नाही.

ॲपवर सरासरी स्वतः बदलण्याची सोय असेल तर ८५० शेअर आणि ११७.२४ असा एकच आकडा भरून मोकळे होऊ नका. तसे केल्याने पडद्यावरचा तोटा नाहीसा होईल हे खरे, पण त्याबरोबर चारही खेपांच्या तारखा पुसल्या जाऊन सगळे शेअर एका दिवशी घेतल्यासारखे दिसतील, आणि वर्षअखेरीचा कराचा अहवाल त्याच चुकीवर तयार होईल. भरायचेच असेल तर वरच्या तक्त्यातल्या चार ओळी चार तारखांसह भरा, बोनसच्या ओळीत शून्य लिहून. काही ॲप शून्य स्वीकारत नाहीत. तिथे ब्रोकरकडूनच दुरुस्ती करून घ्यावी.

मार्चमध्ये सीएंकडे जाताना तीन कॉन्ट्रॅक्ट नोट, एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून येणारी एकत्रित खातेपत्रके आणि हा तक्ता एवढे न्या. खातेपत्रकांपैकी फेब्रुवारीच्या पत्रकात ५२ शेअर जमा झाल्याची ओळ असेल आणि सप्टेंबरच्या पत्रकात १७० शेअर वजा आणि ८५० जमा अशा दोन ओळी असतील. त्या तिन्हींवर खूण करून ठेवा, कारण संख्येविषयी शंका आली तर पुरावा तोच आहे. तक्त्यातल्या किमतींत दलाली आणि मुद्रांक शुल्क मिळवता येईल, रोखे व्यवहार कर मात्र नाही. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरच्या वार्षिक माहिती विवरणात विक्रीसोबत खरेदी किंमत दाखवलेली असेल तर तीही याच तक्त्याशी ताडून पाहा, आणि जुळली नाही तर विवरणपत्र भरण्याआधी तिथेच आपला अभिप्राय नोंदवा.